आईचं खातं बंद करायला लागणारे कागद

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी ताईने आईचा फोन बंद केला. नुसतं बटण दाबून नव्हे. कंपनीच्या कार्यालयात जाऊन नंबर परत केला, पोचपावती घेतली, फोनमधलं सगळं पुसून तो वॉर्डातल्या एका आयाबाईंना देऊन टाकला, आणि घरी येऊन यादीतल्या पहिल्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

ताई इस्पितळाच्या कपडे-भांडारात कामाला होती. चादरी आल्या किती, धुवायला गेल्या किती, फाटल्या किती, हे ती तेवीस वर्षं लिहीत होती आणि तेवीस वर्षांत तिच्या हातून एक अभ्रा हरवला नव्हता. अशी बाई आईच्या मागचं आवरायला बसली म्हणजे रडणंसुद्धा यादी झाल्यावर. फोन, वाचनालयाचं कार्ड, भाड्याने आणलेला चालायचा वॉकर, डोळ्यांच्या डॉक्टरची पुढची तारीख, दारात येणारं मासिक. कपाटातल्या चिठ्ठ्याचपाट्या रद्दीत. सोपं असेल ते आधी उरकायचं, ही तिची पद्धत. फोन सगळ्यात सोपा होता म्हणून सगळ्यात आधी गेला.

शेवटच्या दोन ओळी राहिल्या: आईचं ईमेल, आणि आईचं ते फोटो टाकायचं खातं.

त्या खात्यावर आई खिडकीतल्या कुंड्यांचे फोटो टाकायची, खाली एका बोटाने दोन ओळी लिहायची. 'आज कळी आली.' 'आज कावळ्याने कळी खाल्ली.' एकवीस जण बघायचे, त्यातले नऊ नातेवाईक. ताईला ते खातं तसंच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण आई गेल्यावर तिथे सोन्या बसला.

सोन्या म्हणजे धाकटा भाऊ. विमानाने नऊ तासांवर राहतो. आई अकरा महिने अंथरुणावर होती, त्यात तो एकदा आला. अडीच दिवस. तिसरा दिवस अर्धाच पकडायचा, कारण त्यातला निम्मा त्याचा झोपेत गेला. त्या अडीच दिवसांत त्याने आईचा हात हातात घेतला होता आणि ताईला म्हणाला होता, "ताई, एक काढ गं पटकन." ताईने औषधाचा चमचा खाली ठेवून फोटो काढला होता.

आता दर गुरुवारी सोन्या स्वतःच्या खात्यातून आईच्या खात्यावर तो फोटो कुठल्या ना कुठल्या कोनातून टाकायचा. 'आई, तुझ्या उशाशी घालवलेल्या रात्री आठवतात.' खाली त्याच्या ओळखीच्यांचे चारशे बदाम. 'असा मुलगा लाभायला भाग्य लागतं.' 'आईची सेवा करणारे हल्ली आहेत कुठे!' ही शेवटची ओळ ताईच्या सख्ख्या मावशीने लिहिली होती, जी आठवड्यातून दोनदा येऊन ताईच्या हातचा चहा पिऊन जात होती.

रात्री! ताईने हिशेब केला. अडीच दिवसांत रात्री दोनच येतात, आणि दोन्ही रात्री सोन्या बाहेरच्या खोलीत पंखा लावून घोरत होता.

तिने पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं. पडद्यावर आलं: आपल्या नंबरवर सांकेतिक अंक पाठवला आहे. तो नंबर तिनेच परत केला होता. मग ईमेलमधून जाऊन बघितलं. ईमेलही म्हणालं, त्याच नंबरवर अंक पाठवला आहे.

ताई पोचपावतीकडे बघत बसली.

*

जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयासमोर फॉर्म भरून देणारा एक माणूस बसतो. दुकानात दोन संगणक, एक झेरॉक्स, एक स्कॅनर, आणि भिंतीला टेकवलेला एक बाक. कायद्याचं एकही पुस्तक न उघडता तो कायदा इतका बोलतो की सगळे त्याला अर्धावकील म्हणतात. त्यालाही ते आवडतं. अर्धा का होईना.

"फोन सगळ्यात आधी बंद केलात?" त्याने विचारलं.

"हो. चौथ्या दिवशी."

"बाई, फोन सगळ्यात शेवटी बंद करायचा असतो. बाकी सगळ्या कुलपांच्या किल्ल्या त्यातच असतात. तुम्ही आधी किल्ली विहिरीत टाकली आणि आता दार ढकलताय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"लोक विचारत नाहीत. लोक करून येतात." तो खुर्चीवर सरळ बसला. "बरं. आता आत शिरायचं नाही, बाहेरून अर्ज करायचा. ईमेल एका कंपनीचं, ते खातं दुसऱ्या कंपनीचं. दोन अर्ज. पासवर्ड दोघंही देणार नाहीत, मागूही नका. आतले मेसेज हवे असतील तर कोर्टाचा हुकूम आणावा लागेल, आणि तो आणूनही देतीलच असं नाही. हवेत का?"

"नको. बंद करायचं आहे."

"बंद करायचे दोन प्रकार. एक, स्मरणार्थ. म्हणजे खातं राहतं, नावाजवळ तसं लिहून येतं, आत कुणी शिरू शकत नाही, पण लोक येऊन लिहू शकतात."

"लिहू शकतात?"

"आदरांजली वगैरे."

"दुसरा प्रकार सांगा."

"दुसरा म्हणजे कायमचं काढून टाकणं. फोटो, लिहिलेलं, सगळं जातं. परत येत नाही. नंतर माझ्याकडे येऊन रडलात तरी येत नाही."

"तो."

अर्धावकिलाने तिच्याकडे एकदा नीट बघितलं. गिऱ्हाईक बघायची त्याची एक नजर होती. शिंपी माप घेताना बघतो तशी.

"मग जे बाहेरून दिसतंय ते तरी आधी उतरवून घ्या. कुंड्यांचे फोटो आहेत, चार ओळी आहेत. आईचं लिहिलेलं आहे ना?"

"मला काय करायचंय उतरवून? मी घरातच होते. माझ्याशी ती रोज बोलायची."

"बघा बुवा." त्याने कोरा कागद ओढला आणि लिहायला लागला. "आईंचा मृत्यूचा दाखला. तुमचं ओळखपत्र. खात्याचा पत्ता, म्हणजे वर पट्टीत येतो तो, मी काढतो. तुम्ही जवळच्या नातेवाईक आहात याचा पुरावा. तुमचा जन्मदाखला चालेल, त्यात आईंचं नाव असतं. दाखले आपल्या भाषेतले असतील तर अधिकृत भाषांतर करून शिक्क्यासकट जोडू, म्हणजे तिकडे कुणी अडवणार नाही. ओळखपत्रावरचा नंबर मी काळ्या पट्टीने झाकतो, त्यांना नाव आणि फोटो पुरतो. दाखल्याच्या प्रती किती आहेत?"

"पाच काढल्या होत्या. तीन राहिल्यात."

"शाब्बास! लोक एक काढतात आणि मग जत्रेत हरवल्यासारखे फिरतात."

ताईला बरं वाटलं. कामात कुणी शाब्बास म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. तिने फाइलीतून जन्मदाखला काढून दिला, अगदी बाकावर बसलेल्या माणसालाही दिसावा अशा ऐटीत.

अर्धावकिलाने तो वाचला. चष्मा वर केला, परत वाचला.

"बाई, यात तुम्ही नाही."

"म्हणजे?"

"आईंचं नाव आहे. वडिलांचं आहे. इस्पितळ आहे, तारीख आहे, लिंग स्त्री. नावाची ओळ रिकामी. कुणाला तरी मुलगी झाली, एवढंच यावरून कळतं. ती तुम्हीच, हे कुठे लिहिलंय?"

ताईने कागद हातात घेतला. चोपन्न वर्षांत तिने तो नोकरीला लागताना एकदा दिला होता, तेव्हा शाळेचा दाखला पुरला होता. ओळीवर ठिपके होते, ठिपक्यांवर काही नव्हतं.

"जुन्या दाखल्यांत होतं असं," अर्धावकील समजुतीने म्हणाला. "मूल झालं की दुसऱ्या दिवशी नोंद. नाव नंतर येऊन भरा म्हणायचे. नंतर कोण येतंय!"

"माझ्या भावाचं भरलंय," ताई म्हणाली. "मी बघितलंय. ठळक अक्षरात."

"मग झालं की! भावाला अर्ज करू द्या. त्याचे कागद बिनचूक आहेत. चार ओळींचं काम."

"नाही."

"अहो, पण..."

"मी अकरा महिने तिची चादर बदलली. मुलगी मीच आहे. अर्ज मी करणार."

बाकावरचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. अर्धावकिलाने कागद पालथा घातला आणि मागच्या बाजूला नवी यादी सुरू केली.

*

समोरच्या कार्यालयात नाव भरून घ्यायला ताईला पाच फेऱ्या लागल्या. शाळा सोडल्याचा दाखला, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र. अर्जावर आईवडिलांपैकी एकाची सही हवी होती. वडील वीस वर्षांपूर्वी गेलेले. त्यांचा दाखला जोडला. आईची सही का नाही म्हणून आईचाही जोडला. तीनातली एक प्रत तिथे गेली.

खिडकीतला कारकून तरुण होता आणि त्याला विनोद करायची हौस होती.

"एवढी घाई का केलीत? आणखी थोडं थांबला असतात तर दोन्ही दाखले एकदम दिले असते."

मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"तुमच्या आईने नाव सांगितलं नव्हतं का हो?" त्याने पेन उचललं.

"सांगितलं होतं. इथे येऊन सांगितलं नव्हतं."

हे तिने रागाने म्हटलं, आणि म्हटल्यावर तिला वाटलं की यापेक्षा खरं ती महिन्याभरात बोलली नव्हती. शाळेत घालताना तिला नाव मिळालं होतं. पण त्याआधीच, ती तीन वर्षांची असताना सोन्या आला, आणि सोन्या आल्यापासून ती ताई. सोन्याची ताई. आईसुद्धा ताईच म्हणायची. शेवटच्या महिन्यात आईला माणसं नीट ओळखू येईनाशी झाली तेव्हाही ती म्हणायची, "ताईला बोलवा. ताई कुठे गेली?" आणि ताई समोर उभी असायची, हातात भांडं घेऊन.

कारकुनाने ठिपक्यांवर तिचं नाव लिहिलं. चार अक्षरं. शिक्का मारला.

"अभिनंदन," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी सोन्याचा फोन आला. मावशीने बातमी पोचवली होती. चहाबरोबर मावशीला ताईने एकच गोष्ट जास्त दिली होती, ती ही.

"ताई, तू आईचं खातं काढून टाकतेयस?"

"हो."

"अगं, का? कुणाला खायला मागतंय का ते?"

"आईच्या नावावर उगाच काहीबाही लिहिलं जातंय, म्हणून."



"मी लिहितो ते म्हणतेयस."

"उशाशी रात्री कुणी काढल्या रे सोन्या?"

"तू काढल्यास. मला माहितीये. सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना नाही माहिती. चारशे जणांना तू वेगळं सांगितलंयस. मावशीलाही तेच पटलंय."

"मला दुसरीकडे कुठे तिच्याशी बोलता येतं सांग! तुझ्याकडे तिची खोली आहे, कपाट आहे, खिडकी आहे. माझ्याकडे ते एक खातं आहे."

"यायचं होतंस. खोली इथेच होती."

"तू जिंकलीस, बास?" तो म्हणाला. "तू कायम जिंकतेस. तूच केलंस सगळं. आता मला रडायलासुद्धा तुझी परवानगी लागणार."

"रड की. आपल्या घरी रड."

तिने फोन ठेवला. छान बोललो, असं तिला वाटलं. पुढे दोन दिवस भांडारात चादरी मोजताना ती स्वतःचीच वाक्यं मनात पुन्हा म्हणून बघत होती, आणि प्रत्येक वेळी ती चांगलीच वाटत होती.

*

अर्धावकिलाने दोन्ही अर्ज भरले. भाषांतरं जोडली, काळी पट्टी लावली. नात्याच्या रकान्यात यादीतून 'मुलगी' निवडलं. नवा जन्मदाखला स्कॅनरच्या काचेवर ठेवताना त्याने तो बाहीने पुसला.

"शेवटचं विचारतो. स्मरणार्थ की कायमचं?"

"कायमचं."

"उतरवून काही घेतलंत?"

"सांगितलं ना तुम्हाला."

बाण नेऊन त्याने बटणावर ठेवला आणि बाजूला सरकला. "दाबा तुम्हीच. माझ्या हाताने नको."

ताईने दाबलं.

आठ दिवसांनी कंपनीने आणखी एक प्रत मागितली, मृत्यूच्या दाखल्याची, कडा न कापलेली. ती पाठवली. मग सतराव्या दिवशी ताईच्या ईमेलवर उत्तर आलं. आपल्या आईच्या निधनाबद्दल आम्हाला खेद वाटतो. आपली विनंती मान्य करून खातं काढून टाकण्यात आलं आहे. आईच्या ईमेलचंही तसंच उत्तर आलं, दोन दिवस उशिरा. त्या कंपनीला खेद थोडा कमी होता.

ताईने खात्याचा पत्ता टाकून बघितला. हे पान उपलब्ध नाही. कुंड्या नाहीत, कावळा नाही, चारशे बदाम नाहीत. तिने यादी काढली, शेवटच्या दोन ओळींसमोर खुणा केल्या, आणि यादी घडी घालून फाइलीत ठेवली. त्या दिवशी गुरुवार होता.

पुढच्या गुरुवारी मावशी आली. चहा पिऊन झाल्यावर तिने पर्समधून फोन काढला.

"सोन्याने किती छान केलंय बघितलंस का? स्वतःच्या खात्यावर टाकलंय. मला तर वाचवेना."

सोन्याने लिहिलं होतं: 'आईचं खातं आता नाही. ते कुणी काढलं, का काढलं, यात मी जात नाही. पण आईने मला लिहिलेले मेसेज माझ्याकडे आहेत. सहा वर्षांतले. आता मी ते तुमच्याबरोबर वाचणार आहे.'

खाली पडद्याचे फोटो होते. आईच्या नावाच्या जागी आता फक्त एक करडं वर्तुळ होतं, नाव नसलेलं. खातं गेलं, पण आईने ज्याला लिहिलं होतं त्याच्याकडचं लिहिलेलं राहिलं होतं. वाक्यं आईची होती. एका बोटाने लिहिलेली, पूर्णविराम नसलेली. 'सोन्या जेवलास का'. 'सोन्या तिकडे थंडी पडली म्हणे'. 'सोन्या आज कळी आली'.

ताईने मावशीच्या हातातून फोन घेतला आणि अंगठ्याने वर सरकवत गेली. किती होते! आई एवढं कधी लिहायची? दुपारी, ती भांडारात असताना लिहीत असणार. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना लिहीत नाहीत. ताईच्या फोनमध्ये आईचा सहा वर्षांतला एकही मेसेज नव्हता. 'येताना गोळ्या आण' हेसुद्धा आई चिठ्ठीवर लिहून दारापाशी ठेवायची, आणि त्या चिठ्ठ्या ताईने पहिल्याच आठवड्यात रद्दीत दिल्या होत्या. यादीत त्या ओळीसमोर खूण होती.

सरकवता सरकवता एक मेसेज समोर आला. आई गेली त्याच्या दोन महिने आधीचा.

'सोन्या तू येऊन जा एकदा बरं वाटेल इथे तसं कोणी नाही'

खाली सहाशे बदाम होते. मावशीचाही एक.

"काय गं," मावशी म्हणाली, "तुला पण रडू आलं ना?"

"नाही," ताई म्हणाली आणि फोन परत दिला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती अर्धावकिलाकडे गेली. त्याने आपणहून बाकावर जागा करून दिली. तिने आपल्या फोनवर ते काढून दाखवलं. त्याने वाचलं.

"हे काढता येईल?"

"हे भावाच्या खात्यावर आहे?"

"हो."

"ते हयात आहेत?"

"आहे. व्यवस्थित."

"मग दाखल्यांचा उपयोग नाही, बाई. हयात माणसाला तुम्ही फक्त विनंती करू शकता."

"विनंती मी करणार नाही."

"मग राहणार ते."

ताई बसून राहिली. झेरॉक्सवर कुणाचे तरी कागद निघत होते. मशीन एकेक पान बाहेर टाकत होतं आणि अर्धावकील मोजत होता. त्याची मोजणी चुकली. ताईने बसल्या जागेवरून बरोबर आकडा सांगितला.

"आजारी माणूस," तो पानं सारखी करत म्हणाला, "काहीही लिहितं हो. मुलाला बोलवायचं असेल तर असंच लिहिणार. 'इथे सगळं झकास चाललंय' लिहून कोण मुलाला बोलवतं?"

"हो."

"त्याचा तसा अर्थ नसतो."

"तुम्हाला विचारलं नाही मी."

"नाही विचारलंत," तो कबूल झाला.

तिने पिशवीतून फाइल काढली. मृत्यूच्या दाखल्याची शेवटची प्रत उरली होती. तिच्यामागे नवा जन्मदाखला. तिने तो बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवला. वर इस्पितळ, तारीख, वडील, आई. खाली ओळीवर वेगळ्या, नव्या शाईत चार अक्षरं.

"याची एक झेरॉक्स काढा."

"आता कशाला? दोन्ही अर्ज निकाली निघालेत. कुणी मागितलाय का?"

"नाही."

"मग?"

"काढा," ताई म्हणाली. "पुरावा आहे."